बुटावरची पांढरी रेघ पुसली तरी परत का येते?

डबक्यातून चालून आल्यावर बूट ओले असतात तोवर काहीच दिसत नाही. उलट ओल्या चामड्याचा रंग गडद होतो आणि बूट नवे वाटायला लागतात. खरी गंमत वाळताना सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळापासून दोन-तीन बोटं वर एक पांढरी, नागमोडी रेघ उमटते. कुठे ती दाट असते, कुठे पुसट, पण बहुतेक वेळा बुटाला पूर्ण वळसा घालून येते. नखाने खरवडली तर खरखरीत लागते आणि नखाखाली पिठासारखी भुकटी जमते.

माझ्या तपकिरी, लेसच्या बुटांवर ही रेघ आली तेव्हा मी कुणीही करेल तेच केलं. सोमवारी संध्याकाळी घोटाभर पाण्यातून आलो होतो, बुधवारी सकाळी रेघ दिसली. ओलं फडकं घेतलं, रेघेवरून चारदा फिरवलं, रेघ गेली. गुरुवारी दुपारी ती परत हजर, आणि आता अर्धा बोट वर सरकलेली. पुन्हा पुसली. शनिवारी एकीच्या दोन रेघा झाल्या, एकीच्या आत दुसरी, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या. मग वैतागून वरून पॉलिश चोपडलं. आठवड्याभरात पॉलिशचा थर त्या जागी भेगाळला आणि त्या भेगांतून पुन्हा पांढरं डोकावायला लागलं.

म्हणजे मी तीनदा मेहनत केली आणि तिन्ही वेळा डाग वाढवला. असं का झालं हे एकदा कळलं की उपाय जवळजवळ आपोआप सुचतो, म्हणून आधी कारण पाहू.

मीठ पाण्याबरोबर फिरतं

ढगातून पडणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते रस्त्यावर साचलं की माती, सिमेंट, चुना, गटाराचं पाणी, जे काही वाटेत येईल ते त्यात विरघळत जातं. डबक्याचं पाणी गढूळ असतं ते मातीमुळे, पण डाग पडतो तो त्यात न दिसणाऱ्या, विरघळलेल्या क्षारांमुळे. गाळ ब्रशने झटकला की जातो. क्षार मात्र पाण्यासोबत चामड्याच्या आत शिरलेले असतात.

चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या बारीक तंतूंचं जाळं. त्या तंतूंच्या मधल्या फटी केसाहूनही बारीक असतात, त्यामुळे दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांत वर चढतं. तुम्ही बुडवलेत फक्त तळ आणि दोन बोटं कड, तरी ओल चार बोटं वर जाते. ती जिथपर्यंत पोचते तिथे वरचं चामडं कोरडं आणि खालचं ओलं अशी सीमा तयार होते. या सीमेवर पाणी झपाट्याने उडून जातं आणि खालच्या ओल्या भागातून नवं पाणी त्या जागी येत राहतं. प्रत्येक थेंब सोबत थोडं मीठ आणतो, स्वतः वाफ होऊन जातो आणि मीठ तिथेच ठेवून जातो. चहाचा थेंब टेबलावर वाळला की मधे फिका आणि कडेला गडद दिसतो, तोच प्रकार.

म्हणून क्षार थोडे असले तरी रेघ ठळक दिसते. समजा डबक्याच्या एका लिटर पाण्यात 1 ग्रॅम क्षार आहेत आणि बुटाने 50 मिलिलिटर पाणी शोषलं. म्हणजे आत गेलं जेमतेम 50 मिलिग्रॅम मीठ, चिमटीच्या टोकावर मावेल इतकं. ते सगळ्या बुटात सारखं पसरलं असतं तर दिसलंही नसतं. पण वाळताना त्यातलं बरंचसं एका दोरीएवढ्या रुंदीच्या पट्ट्यात येऊन बसतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सगळं मीठ डबक्यातलंच असतं असं नाही. कच्चं कातडं सडू नये म्हणून मिठात ठेवतात आणि कमावण्याआधी ते पुन्हा मीठ-आम्लाच्या पाण्यात मुरवतात. नंतर धुतात, तरी थोडेफार क्षार आत राहून जातात. शिवाय पायाच्या घामाचं मीठ आतून रोज मुरत असतं. त्यामुळे अगदी स्वच्छ पावसात भिजलेल्या नव्या बुटालाही पांढरी किनार येऊ शकते. विकणाऱ्याने फसवलं असं म्हणून भांडायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता माझी चूक पाहा. रेघेवर ओलं फडकं फिरवल्यावर मीठ नाहीसं झालं नाही, विरघळलं. त्यातलं थोडं फडक्याला लागलं, बाकीचं पाण्याबरोबर पुन्हा चामड्यात शिरलं. आणि मी फक्त रेघच ओली केल्यामुळे तिच्या वर एक नवी ओली-कोरडी सीमा तयार झाली. वाळताना मीठ त्या नव्या सीमेवर जाऊन बसलं. पॉलिशने तर आणखीच घात केला. मेणाच्या थराखाली मिठाचे स्फटिक वाढले आणि त्यांनी तो थर आतून वर उचलला. भिंतीत ओल मुरली की रंगाचे पोपडे असेच निघतात.

थोडक्यात, मीठ पुसून जात नाही. ते पाण्याबरोबर फिरतं आणि पाणी जिथून उडतं तिथे थांबतं. म्हणजे आपल्याला एवढंच करायचं आहे की पाणी चामड्यातून न उडता दुसऱ्या कशातून तरी उडेल, अशा कशातून की जे नंतर उचलून फेकून देता येईल. तो दुसरा पदार्थ म्हणजे साधा टिश्यू पेपर.

पण आधी खात्री करा की ते मीठच आहे

पावसाळ्यात बुटावर पांढरं दिसणारं सगळं मीठ नसतं. बोट ओलं करून त्या जागी दाबा. मीठ असेल तर पांढरेपणा लगेच विरघळतो आणि वाळल्यावर परत येतो. बुरशी असेल तर ती रेघेत येत नाही. ठिपक्याठिपक्यांनी, लोकरीसारखी मऊ, आणि बऱ्याचदा कपाटातल्या कुबट वासासह येते. ती कोरड्या फडक्यानेही निघते, पण मग तो वेगळा विषय आहे, तिचं बी मारावं लागतं.

तिसरा प्रकार फसवा असतो. चामड्यातली चरबी किंवा आपण चोळलेलं तेल कधीकधी वर येऊन गोठतं आणि पांढरट साय धरल्यासारखं दिसतं. ते पाण्याने हलत नाही. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर लांबून क्षणभर वारा दिला की ती साय वितळून दिसेनाशी होते. मीठ गरम वाऱ्याने वितळत नाही.

चौथा प्रकार सिमेंटच्या किंवा चुन्याच्या पाण्याचा. बांधकामाशेजारच्या डबक्यातून गेला असाल तर पांढरा थर ओल्या बोटाने पुरता विरघळत नाही, खडूसारखा पुसट होऊन तसाच राहतो. हा साध्या पाण्याला दाद देत नाही. व्हिनेगरचं खरं काम इथे आहे, त्याकडे येतोच.

ओल्या बोटाच्या परीक्षेत एक खोच आहे. खाण्याचं मीठ हवेतलं दमटपण सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेलं की हवेतूनच पाणी ओढून ओलं होतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ती याचमुळे. बुटातलंही तसंच. भर पावसाच्या दिवसांत रेघ आपोआप दिसेनाशी होते आणि माणूस खूश होतो. मग दोन दिवस ऊन पडतं, किंवा बूट एसीच्या खोलीत राहतात, आणि रेघ पुन्हा उगवते. म्हणून डाग गेला की नाही याचा निकाल दमट दिवशी लावू नका. कोरड्या दिवशी किंवा पंख्याखाली दोन दिवस ठेवून मगच पाहा.

उपाय, क्रमाने

आधी बूट सावलीत पूर्ण वाळू द्यावेत. लेस काढा, सुखतळा निघत असेल तर तोही काढा, आत कागद भरा. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने भुकटी झटका, विशेषतः तळ आणि वरचं चामडं जिथे शिवलेलं असतं तिथली. शिवणीचा दोरा वातीचंच काम करतो, त्यामुळे तिथे मीठ जास्त साठतं. जेवढं मीठ कोरडं असतानाच झटकलं जाईल तेवढं पुन्हा विरघळवावं लागणार नाही. हा टप्पा लोक गाळतात आणि निम्मं काम तिथेच वाढवून ठेवतात.

पाणी कोणतं वापरता याला महत्त्व आहे. नळाचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरा थर धरणारं असेल, तर तुम्ही मीठ काढायला मीठच वापरताय. डिस्टिल्ड पाणी चांगलं, आरओचं चालेल. नाहीतर स्वच्छ पातेलं उघड्यावर ठेवून थेट आकाशातून पडणारं पाणी धरा, छपरावरून गळणारं नको. उकळून विरघळलेलं सगळं मीठ जात नाही, उलट पाणी आटल्याने उरलेल्याचं प्रमाण वाढतं.

आता दोन चमचे पांढरं व्हिनेगर आणि चार चमचे पाणी एकत्र करा. एका जोडीला एवढं पुरतं. रंगीत व्हिनेगर नको. बुटाच्या जिभेची आतली बाजू किंवा टाचेजवळची न दिसणारी जागा निवडून ओलं फडकं दाबा आणि मिनिटभराने पाहा. फडक्याला रंग लागला तर व्हिनेगर बाजूला ठेवून पुढचं सगळं नुसत्या पाण्याने करा, फेऱ्या थोड्या वाढतील एवढंच.

व्हिनेगर लोकांना जादूचं औषध वाटतं. तसं ते नाही. साधं मीठ पाण्यातच छान विरघळतं, त्यासाठी आम्लाची काही गरज नसते. व्हिनेगर लागतं ते चुना, सिमेंट अशा अल्कधर्मी गोष्टींसाठी. त्या साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आम्लात विरघळतात. दुसरं म्हणजे चामडं स्वतः थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे सौम्य आम्ल त्याला सोसतं. हाच नियम उलटा धरला की खाण्याचा सोडा आणि कपड्याची पावडर का नको तेही कळतं. त्या अल्कधर्मी असतात, चामड्याचा रंग सुटू शकतो आणि त्यांचेच पांढरे अवशेष मागे राहतात. लिंबू आम्ल असलं तरी त्यात साखर आणि गर असतो, चिकटा राहतो.

व्हिनेगर वापरताना एक इशारा, विशेषतः झाडाच्या सालीत कमावलेल्या फिक्या चामड्यासाठी. लोखंडी घासणी, गंजलेलं बक्कल किंवा लोखंडी वाटी या कामात आणू नका. व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळतं, आणि ते लोखंड सालीतल्या टॅनिनला भेटलं की निळसर काळा रंग तयार होतो. चामडं काळं रंगवायची ही जुनी, पक्की रीत आहे, म्हणजे तो डाग धुऊन जात नाही. पांढरी रेघ घालवायला जाऊन काळा ठिपका घेऊन बसाल.

फडकं मिश्रणात बुडवून घट्ट पिळा आणि रेघेवरून सुरुवात न करता बुटाचा तो पूर्ण भाग ओला करा. पूर्ण भाग म्हणजे एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. नवी ओली-कोरडी सीमा चामड्याच्या मध्यावर पडू द्यायची नाही, ती शिवणीत लपली पाहिजे. चामडं सगळीकडे सारखं गडद दिसायला लागलं की थांबा, पाणी निथळेपर्यंत भिजवू नका. लगेच दुसरं फडकं साध्या पाण्यात पिळून तोच सगळा भाग दोनदा पुसा, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घेऊन. व्हिनेगरने चुन्याचं जे नवं लवण तयार केलं तेही पाण्यात विरघळलेलंच असतं, ते इथे निघून जातं. हा दुसरा पुसा गाळला तर व्हिनेगर लावून काही उपयोग नाही.

यानंतर कागद. पांढरे, बिनछापील टिश्यू तीन-चार पदर जाड घ्या, साध्या पाण्यात भिजवून हलके दाबून घ्या आणि अजून ओलसर असलेल्या चामड्यावर पापुद्र्यासारखे चिकटवा. रेघेच्या वर आणि खाली किमान तीन बोटं कागद गेला पाहिजे. चमच्याच्या पाठीने दाबत दाबत सगळे फुगे बाहेर काढा. जिथे कागद आणि चामडं यांच्या मधे हवा राहील तिथे पाण्याचा मार्ग तुटतो आणि मीठ चामड्यातच थांबतं. शिवणीच्या खाचेत कागद नखाने ठासून बसवा.

आता बूट पंख्याच्या हवेत ठेवून द्या, आत कोरडा कागद भरून. हात लावायचा नाही. पाणी कागदाच्या बाहेरच्या बाजूने उडायला लागतं, चामड्यातलं पाणी मीठ घेऊन कागदात येतं आणि मीठ कागदात अडकतं. पुराणवस्तूंची निगा राखणारे लोक खारावलेल्या दगडावर आणि मातीच्या भांड्यांवर ओल्या कागदाचा लगदा लावतात तो याच तत्त्वावर. आत भरलेला कागदही थोडं मीठ ओढतो, म्हणून तोही पुन्हा वापरू नका.

सात-आठ तासांत, दमट हवेत कदाचित रात्रभराने, कागद वाळून कडक होतो आणि कडेने सुटायला लागतो. तो पूर्ण कोरडा झाल्यावरच सोला. ओला असतानाच काढलात तर मीठ अजून वाटेतच असतं. सोललेला कागद उजेडासमोर धरा. रेघ होती त्या जागी कागद ताठ आणि खरखरीत लागतो, कधी कधी बारीक चकाकी दिसते. कागदावर फिकट तपकिरी ओघळ दिसले तर ते चामड्यातलं टॅनिन किंवा थोडा रंग आहे, घाबरायचं कारण नाही. पण कागद ठळक रंगला असेल तर फेऱ्या थांबवा, कारण आता मिठापेक्षा रंगच जास्त निघतोय.

माझ्या बुटांना तीन फेऱ्या लागल्या. आधी पॉलिश काढावं लागलं, कारण मेणाच्या थरातून पाणी येणार कसं? पहिल्या रात्रीचा कागद डाव्या बुटावरून सोलला तेव्हा त्यावर रेघेचा अख्खा ठसा उतरला होता, दोन्ही वळशांसकट. दुसऱ्या रात्री ठसा पुसट. तिसऱ्या रात्री कागद सगळीकडे सारखाच मऊ निघाला. तीच खूण की आता बास. त्यानंतर दोन दिवस पंख्याखाली ठेवले आणि रेघ आली नाही.

वाळवताना घाई नको

ओल्या चामड्याला उष्णता सोसत नाही. कोरडं असताना जे तापमान ते सहज सहन करतं त्याच तापमानाला ओलं चामडं आक्रसतं, आणि एकदा आक्रसलेलं पूर्ववत होत नाही. सालीत कमावलेलं चामडं क्रोमने कमावलेल्यापेक्षा या बाबतीत जास्त नाजूक. शिवाय तळ चिकटवलेला असेल तर गोंद मऊ पडतो. म्हणून थेट ऊन, हीटर, शेगडी, फ्रिजच्या मागची गरम जागा, यातलं काही नको. हेअर ड्रायर वर सांगितलेल्या क्षणभराच्या परीक्षेपुरताच.

आत भरलेला कागद पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला, ओला कागद आत तसाच ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. अस्तर फिक्या रंगाचं असेल तर छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. तळ चामड्याचा असेल तर बूट आडवे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागेल. आणि ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, एवढं सांगून पुढे जातो.

मीठ काढून झालं की चामडं थोडं ताठ, निस्तेज वाटतं. कमावताना त्यात घातलेलं तेल तंतूंना एकमेकांवरून घसरू देतं. भिजणं, पुसणं आणि वाळणं यात तंतू एकमेकांना चिकटतात आणि थोडं तेलही जातं. पूर्ण वाळल्यावर वाटाण्याएवढं लेदर क्रीम प्रत्येक बुटाला पुरे. बोटाने किंवा मऊ कापडाने पातळ पसरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसून घ्या. चामडं वाकवल्यावर अजून ताठ वाटलं तर आणखी एक पातळ हात. एकदम जाड लावू नका, स्वयंपाकाचं तेल तर नकोच. ते रंग गडद करतं, आणि वर सांगितलेली ती पांढरी साय धरायला हेच जास्तीचं तेल कारण होऊ शकतं. मेणाचं पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि तेही रेघ परत येत नाही याची खात्री पटल्यावर.

हा उपाय कुठे चालत नाही

वर चकचकीत प्लास्टिकसारखा थर असलेल्या चामड्याला किंवा कृत्रिम चामड्याला एवढा खटाटोप लागत नाही. पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा तसाच बसला आणि खालचा रंग गडद झाला नाही, तर मीठ वरवरच आहे, ओल्या फडक्याने निघेल. फक्त शिवणी तेवढ्या नीट तपासा, तिथून आत पाणी गेलेलं असू शकतं.

मखमली पोताच्या, म्हणजे स्वेडच्या बुटांना क्रीम लावू नका आणि कागद चमच्याने दाबू नका, लव चपटी होते. त्यांना आधी कोरडा ब्रश, मग पिळलेल्या फडक्याने पूर्ण भाग सारखा ओलसर करणं, वर ओला कागद हलक्या हाताने नुसता ठेवणं, आणि वाळल्यावर लव पुन्हा उभी करणं.

पांढऱ्याऐवजी तपकिरी, गडद रेघ दिसत असेल तर ती मिठाची नाही. पाण्याने चामड्यातलं टॅनिन आणि रंग वाहून कडेला नेलेला असतो. सालीत कमावलेल्या फिक्या चपलांवर ही रेघ हमखास येते. कागद तिला थोडीफार फिकी करतो. त्याहून जास्त फरक पडतो तो पूर्ण पट्टा सारखा ओला करून सावकाश वाळवल्याने, म्हणजे रंग पुन्हा पसरतो. तरी ती पुरती जाईल अशी आशा धरू नये.

रेघ घोट्याच्या बाजूला नसून पंजाच्या वळणावर, बोटं जिथे वाकतात तिथे येत असेल आणि डबक्यात न जाताही येत असेल, तर मीठ आतून येतंय, घामाचं. अशा वेळी बाहेरून कितीही कागद लावले तरी आतून पुरवठा चालूच राहणार. अस्तर पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या, ओला कागद या वेळी आतून लावा, सुखतळा बदला आणि तोच जोड रोज घालू नका. एका दिवसाचा घाम वाळायला निदान एक पूर्ण दिवस लागतो.

आणि रेघ महिनोन्महिने तशीच राहिली असेल तर मीठ निघूनही तिथली जागा मंद, थोडी खडबडीत राहते, कारण स्फटिकांनी वरचा थर खरवडलेला असतो. तिथे बुटाच्या रंगाचं क्रीम लावून ती झाकायची. माझ्या उजव्या बुटावर करंगळीच्या बाजूला असा दीड बोट लांबीचा तुकडा आहे, त्या भेगाळलेल्या पॉलिशची कृपा. रंगीत क्रीमखाली तो दिसत नाही, पण बूट भिजले की आधी तोच गडद होतो, आणि मग त्या रात्री मी टिश्यूचं पाकीट बाहेर काढतो.